दोन कॅमेऱ्यांतलं एकच पाणी

नांदेडच्या ज्या स्टुडिओत मी पहिली नोकरी केली, तिथे माणसाला गोरं करून देण्याचा धंदा होता. पाटीवर लग्न, वाढदिवस, बारसं असं सगळं लिहिलेलं होतं, पण गिऱ्हाईक काउंटरवर वाकून हळू आवाजात विचारायचं ते एकच, "चेहरा उजळ येईल ना?" आमचे मालक हसून म्हणायचे, "नवरीच्या आईला ओळखू येनार न्हाई, मंग तर झालं?" आणि खरंच ओळखू यायची नाही. साडीच्या बाहीतून बाहेर आलेला हात एका रंगाचा आणि चेहरा उकडलेल्या बटाट्यासारखा. सुरुवातीला मला त्याचं हसू यायचं. पुढे पुढे किळस यायला लागली.

तरी मालकांबद्दल वाईट लिहिताना हात जड होतो. माझे वडील धान्याच्या मोंढ्यात हमाली करायचे. घरात पदवीपर्यंत गेलेला मी पहिलाच. पत्रकारितेची पदवी घेऊन मी गावभर फिरलो तेव्हा मला दारात उभं न करता खुर्ची देणारे हेच गृहस्थ होते. संकलनाचं सॉफ्टवेअर त्यांनी मला स्वतः शेजारी बसून शिकवलं. आई त्यांचं नाव निघालं की पदर सावरायची. हे सगळं खरं आहे, आणि पुढे लिहितो तेही खरं आहे.

तो दुष्काळाचा उन्हाळा होता. लातूरला रेल्वेने पाणी येत होतं आणि ते बघायला लोक फलाटावर जात होते. त्याच दिवसांत आमच्याकडे एक काम आलं. लातूर जिल्ह्याचा तुकडा पाडून नवा जिल्हा करा, अशी मागणी करणारी एक समिती होती. तिच्या अध्यक्षांना एक फिल्म हवी होती. जिल्ह्याचं ठिकाण दूर असल्यामुळे खेड्यातल्या माणसाचे किती हाल होतात, हे त्या फिल्मने दाखवायचं. अध्यक्ष कापडाचे मोठे व्यापारी. कपाळावर भस्माचे ठसठशीत पट्टे, वर करकरीत इस्त्रीचा सदरा. मुलाखत ते स्वतः घेणार होते. बोलणार होत्या निलंग्याच्या बाजूच्या एका खेड्यातल्या अंगणवाडीच्या बाई.

त्या बाईंची गोष्ट अशी होती. गावात टँकरचं पाणी येत होतं. ते पिवळट, गढूळ, वासाचं होतं. लेकरांना जुलाब लागले तसं त्यांनी तालुक्याच्या कार्यालयात कळवलं. कार्यालयाने पाणी बघायला कुणी पाठवलं नाही. उलट बाईंनाच नोटीस पाठवली. पाणी चांगलं असताना अफवा पसरवता, तुम्हाला कामावरून का काढू नये, याचा खुलासा करा. बाईंचे यजमान वारलेले, घरी सासू आणि दोन मुली. ती अंगणवाडी गेली असती तर घरात दुसरं काही नव्हतं. समितीच्या फिल्ममध्ये बोलायला त्या तयार झाल्या त्या नव्या जिल्ह्यासाठी नाही. फिल्म तालुक्याच्या साहेबांसमोर दाखवणार आहेत, असं त्यांना कुणीतरी सांगितलं होतं. साहेबांनी डोळ्यांनी पाणी बघावं, एवढंच त्यांना हवं होतं.

आम्ही अंगणवाडीच्या खोलीतच शूटिंग मांडलं. एका बाजूला खिडकी, मागे चुन्याची पांढरी भिंत, मधे एक टेबल. बाईंनी टाकीतलं पाणी एका काचेच्या बाटलीत भरून टेबलावर ठेवलं होतं. बूच लावलेलं असूनही वास येत होता. चपला भिजून सुकल्या की येतो तसा. मी बाटली उचलून बघितली. तळाशी गाळ बसला होता आणि वर चहा विसळलेल्या पाण्यासारखा रंग. हे लेकरं पितात? मी बूच सैल करून बाटली नाकाजवळ नेली.

"वास घेऊ नका दादा," बाई म्हणाल्या. "आमाला सवय हाय. तुमाला उलटी व्हईल."

आमच्याकडे दोन कॅमेरे होते. एक जुना, एका कंपनीचा; दुसरा मालकांनी नुकताच घेतलेला, वेगळ्या कंपनीचा. जुना मी ट्रायपॉडवर लावला. त्यात टेबल, बाटली आणि दोन्ही बाजूंची दोन्ही माणसं दिसत होती. नवा मालकांकडे, जवळचे चेहरे टिपायला.

दोन वेगळ्या जातीचे कॅमेरे एकाच खोलीत ठेवले की दोघं दोन खोल्या दाखवतात. एकात कातडी तांबूस येते, दुसऱ्यात हिरवट. दोन्हींवर सारखेच आकडे लावले तरी उजेड सारखा येत नाही, कारण प्रत्येक कंपनीचं माप थोडं वेगळं. मुलाखतीत बघणारा क्षणात याच्याकडे, क्षणात त्याच्याकडे जातो. दर वेळी खोलीचा रंग बदलला तर ऐकणाऱ्याचा विश्वास उडतो. म्हणून सुरुवातीला दोन्ही कॅमेऱ्यांचं आपलं आपलं रंग सजवणं बंद करून त्यांना साध्या चित्रावर आणायचं, ऑटो बंद करायचं, आणि एकाच उजेडात एकच पांढरा कागद दोघांसमोर धरून सांगायचं, हे पांढरं. मग कागदाचा उजेड दोन्हींत एकाच पातळीला येईपर्यंत भिंगाचं छिद्र आणि आयएसओ, म्हणजे कॅमेऱ्याची उजेड पकडण्याची ताकद, हाताने फिरवायचं. मी हे सगळं केलं. कागद दोन्हीकडे सारखा दिसायला लागला. बाईंचा सावळा रंग, अध्यक्षांचा गव्हाळ रंग, बाटलीतला पिवळा, तिन्ही दोन्ही पडद्यांवर जवळपास एक झाले. मला फार बरं वाटलं.

मालकांनी त्यांच्या कॅमेऱ्यात डोकावून बघितलं.

"अरे, सायेबाचं तोंड काळं पडून राह्यलं."

"भाऊ, ते तसेच आहेत," मी हळूच म्हणालो.

"तसे हायेत म्हनून तसे दाखवायचे? लोक पैसे कायले देतात?"

मला वाटलं ते चेष्टा करतात. मी माझ्या कॅमेऱ्यामागे गेलो.

मालकांची सगळी जिंदगी लग्नात गेलेली. मांडवातून उन्हात, उन्हातून हॉलमध्ये, तिथून वरातीच्या दिव्यांत. तिथे ऑटो हाच देव. कॅमेरा आपला आपण उजेड आणि रंग सांभाळत जातो, माणसाला पळायला मोकळं ठेवतो. त्यांनी सवयीने चकती फिरवून सगळं ऑटोवर टाकलं आणि वर लग्नासाठी करून ठेवलेली उजळ कातडीची सेटिंग चढवली. मला ते तेव्हा कळलं नाही.

मुलाखत चांगली झाली. निदान बाईंच्या बाजूने. अध्यक्ष दर प्रश्नाआधी जिल्ह्यावर भाषण करायचे. "तर मग ताई, जिल्हा जवळ असता तर तुमच्यावर ही वेळ आली असती का?"

"जिल्ह्याचं मला न्हाई ठाव," बाई म्हणाल्या. "टँकर तर तालुक्यातूनच येतो."

अध्यक्षांनी मालकांकडे बघून हाताने कात्री चालवली. हे कापा. मग बाईंनी बाटली उचलली आणि मालकांच्या कॅमेऱ्यासमोर अगदी जवळ धरली. "हे बघा सायेब. हे पानी मी लेकरायला देऊन राहिले. तुमीच सांगा, ही अफवा हाय का?" बाटलीतला गाळ वर येत होता. मला माझ्या कॅमेऱ्यात ते लहान, पण स्पष्ट दिसत होतं.

नांदेडला आल्यावर दोन्ही कॅमेऱ्यांचं चित्रण मी एकाखाली एक लावलं आणि बघून थंड पडलो. मालकांच्या कॅमेऱ्यात अध्यक्ष दुधात बुडवून काढल्यासारखे. बाई राखेच्या रंगाच्या, कारण सावळ्या कातडीवर ती सेटिंग चढली की रक्त निघून जातं, राख उरते. आणि बाटली? बाटली स्वच्छ.

मी तो तुकडा परत परत बघितला. बाटली जवळ येईपर्यंत पिवळेपणा होता. चौकट बाटलीने भरली तसा कॅमेरा गोंधळला. ऑटोला वाटतं, सगळीकडे पिवळं दिसतंय म्हणजे उजेडच पिवळा आहे; मग तो त्यावर निळं घालून पिवळं मारतो. चौकट अंधारली असंही त्याला वाटलं, म्हणून त्याने उजेडही वाढवला. गढूळ पाणी हळूहळू फिकं होत गेलं आणि शेवटी दुकानातल्या बाटलीसारखं दिसायला लागलं. बाई त्या स्वच्छ पाण्यामागून म्हणत होत्या, ही अफवा हाय का? जगात इतकी गलिच्छ वस्तू दुसरी नसेल असं मला ते स्वच्छ पाणी बघून वाटलं.

दुरुस्त करायला मी तीन दिवस घातले. कागदाचं चित्र दोन्हीकडे होतं, त्यामुळे मुळातला फरक मिटवायला माप होतं. ऑटोने जिथे जिथे रंग हलवला होता तिथे तिथे मी तो उलटा हलवला. चेहरे बरेच सावरले. बाटलीला मात्र इलाज नव्हता. जास्त उजेडाने एखादा भाग पूर्ण पांढरा झाला की त्यात रंगाची खूणच राहत नाही. वरून पिवळं चढवलं तर तो मी लावलेला रंग, पाण्याचा नव्हे. ते मला करायचं नव्हतं. म्हणून मी त्या जागी माझ्या कॅमेऱ्याचं चित्र घेतलं आणि बाटलीभोवती मोठं केलं. मोठं केल्यावर ते जरा फुटलं, कडा मऊ झाल्या. पण पाणी पाण्यासारखं, म्हणजे त्या पाण्यासारखं, दिसत होतं.

अध्यक्ष फिल्म बघायला स्टुडिओत आले. आमच्याकडे ती पद्धतच होती. नवरदेवाचा मामासुद्धा खुर्ची ओढून शेजारी बसायचा आणि मला बोटाने दाखवायचा. अध्यक्ष पडद्याकडे बघत राहिले.

"हा कोण?" ते म्हणाले.

"तुम्हीच, साहेब."

"मी? मी असा शेतात राबून आल्यासारखा दिसतो?" ते मालकांकडे वळले. "त्या दिवशी तुम्ही मला कॅमेऱ्यातच दाखवलं तेव्हा किती छान होतं. आणि ही बाटली अशी अस्पष्ट का? जवळून घेतली होती ना?"

मी समजावून सांगितलं. जवळच्या चित्रात पाणी स्वच्छ दिसतं, बाईंना नोटीस आहे, तेच चित्र साहेबांनी बघितलं तर त्या खोट्या ठरतील. ते ऐकत होते. मधेच त्यांनी खिशातून रुमाल काढून भस्माजवळचा घाम टिपला.

"पाणी पाणी काय लावलंय? फिल्म जिल्ह्याची आहे. बाईची आहे का?"

"करून देतो, सायेब," मालक म्हणाले. "पोरगं शिकेल आहे, त्याला लई बारकावे दिसतात."

ते गेल्यावर मालकांनी मला खुर्चीवरून उठवलं. रागावले नाहीत. पाठीवर हात ठेवला. "तुझ्या अकलेला मी नाव ठेवत न्हाई. पन गिऱ्हाईक आरशात बघायला येत न्हाई आपल्याकडे." आणि स्वतः बसले. त्यांनी अध्यक्षांचे सगळे जवळचे चेहरे परत इतके उजळ केले की टेबलावरची बाटलीही पांढरी पडली, आणि शेवटी जवळून घेतलेली स्पष्ट बाटली परत बसवली. बाईंचे तुकडे मात्र माझ्या कॅमेऱ्याचेच ठेवले, कारण त्या गोऱ्या दिसाव्यात अशी कुणाची मागणी नव्हती. दोन कॅमेरे जुळवायचे असतात ही गोष्टच त्यांनी सोडून दिली. माझ्या पाठीवरचा तो हात मला दिवसभर जाणवत होता, चिकटल्यासारखा.

फिल्म तालुक्याच्या गावी एका मंगल कार्यालयात दाखवली. समितीचे लोक, पुढच्या रांगेत तालुक्याचे साहेब, त्यांच्यासमोर थंडगार सीलबंद पाण्याच्या बाटल्या. बाई शेवटच्या रांगेत मुलीला घेऊन बसल्या होत्या. लॅपटॉप मी चालवत होतो. फिल्म सुरू झाली आणि जे व्हायचं ते झालं. अध्यक्ष बोलले की खोली निळसर पांढरी, समोर टेबलावर बाटली स्वच्छ. बाई बोलल्या की खोली चुन्याची, बाटली पिवळी. परत अध्यक्ष, परत स्वच्छ. लोक कुजबुजायला लागले. शेवटी बाटली जवळ आली आणि पडद्यावर झऱ्याचं पाणी चमकलं.

दिवे लागल्यावर साहेब उठले. आवाज चढवला नाही.

"एका टेबलावर एक बाटली. एकदा पिवळी, एकदा स्वच्छ. जवळून दाखवली तेव्हा तर चक्क स्वच्छ. म्हणजे दुरून दाखवताना पिवळा रंग टाकलाय. आम्हाला काय समजता? नोटीस उगाच दिली होती का?" त्यांनी मागे वळून बघितलं. "कुठे आहेत त्या बाई?"

बाई उभ्या राहिल्या. त्यांनी साहेबांकडे नाही, माझ्याकडे बघितलं. त्यांना वाटलं, मीच केलं.

मी अध्यक्षांकडे बघितलं. ते पाणी पीत होते. मालक वायरी गुंडाळायला लागले होते. मला इतकी घाण वाटली की बोलण्याचं धाडस मी केलं असं म्हणवत नाही. ते पोटातून आपोआप वर आलं.

"साहेब, पिवळं टाकलेलं नाही. काढलेलं आहे," मी म्हणालो. "दोन मिनिटं द्या."

"ए, खाली बस," अध्यक्ष म्हणाले.

"बोलू द्या," साहेब म्हणाले.

मूळ चित्रण लॅपटॉपमध्ये होतं. मी आधी दोन्ही कॅमेऱ्यांतला कागद दाखवला, शेजारी शेजारी. दोन्हीकडे पांढरा. मग मालकांच्या कॅमेऱ्यातला बाटलीचा तुकडा न कापता लावला. "बाटलीकडे बघू नका," मी म्हणालो. "मागच्या भिंतीकडे बघा." बाटली जवळ येऊ लागली. कडेला दिसणारी चुन्याची भिंत निळी झाली. बाईंच्या पांढऱ्या पदराचा काठ निळा झाला. मग सगळंच पांढरंफटक. "भिंत कुणी निळी रंगवली नाही, साहेब. कॅमेऱ्याने पिवळं मारायला निळं घातलं, ते भिंतीवरही पडलं. आता हा दुसरा कॅमेरा, त्याच क्षणाचा." माझ्या कॅमेऱ्यात भिंत पांढरीच होती, पदर पांढराच होता. बाटली पिवळी होती.

साहेबांनी तो तुकडा पुन्हा लावायला सांगितला. मग पुन्हा. ते पडद्याजवळ जाऊन भिंतीकडे बघत राहिले.

"म्हणजे भिंत पांढरी दिसते तिथलं पाणी खरं."

"हो."

"आणि अध्यक्षसाहेब?"

मी चित्र तिथेच थांबवलं. त्यात अध्यक्ष कडेला होतेच, आपल्या रंगात. कुणीतरी मागून ओरडलं, "आरं, आपले अध्यक्ष टँकरच्या पान्यानं धुतलेत का बिसलरीनं?" आणि सगळा हॉल फुटला. माणसं खुर्च्यांवर हात आपटून हसली. साहेबही हसले. अध्यक्ष उठून बाहेर गेले. त्यांच्या गाडीचं दार आपटल्याचा आवाज आत आला.

मला हसू आलं नाही. पाणी घाण आहे हे कळल्यावर तो हॉल गप्प होता. एका माणसाचा चेहरा गोरा केलेला आहे हे कळल्यावर तो इतका खूश झाला.

साहेबांनी बाईंना पुढे बोलावलं. नमुना घ्यायला माणूस पाठवतो म्हणाले, नोटिशीचं बघतो म्हणाले. बाईंनी मान डोलावली. जाताना माझ्याजवळ थांबल्या.

"मला वाटलं तुमीच," त्या म्हणाल्या.

"हो. मला दिसलं ते."

त्या मुलीचा हात धरून एसटीला गेल्या.

परतीच्या वाटेत मालक गाडी चालवत होते. लातूर मागे पडल्यावर त्यांनी तोंड उघडलं. "अध्यक्षसायेबाले फक्त त्यांचा एक चेहरा करून दे. फ्रेम करून देतो. राग जाईल." मी म्हणालो, मला जमणार नाही. पुढच्या वळणावर ते म्हणाले, "मी शिकवलं तुले." मी म्हणालो, "हो भाऊ, तुम्हीच." तो महिना भरून मी स्टुडिओ सोडला आणि लातूरला दुसरीकडे लागलो. त्यांनी निरोपाला पेढे दिले. मी ते घेतले, वाकून नमस्कार केला, आणि स्टँडवर गाडी येईपर्यंत माझ्याकडून एकही खाल्ला गेला नाही.

बाईंचा फोन पुढच्या महिन्यात आला. नोटीस मागे घेतली होती. नमुना तपासून आला होता, पाणी पिण्यायोग्य नाही असा. मी आनंदाने विचारलं, मग टँकर बदलला का?

"न्हाई. टाकीवर लाल रंगानं लिवायचा हुकूम आला, हे पानी पिऊ नये. मीच लिवलं, दुसरं कोन लिवनार? आन् टँकर रोज येतो, त्याच टाकीत वततो."

"मग तुम्ही काय करता?"

"मी तेच उकळून देते," त्या म्हणाल्या. "नोकरी राह्यली म्हनून द्यायला तरी हाय मी."